नववीच्या वर्गात ग्रामसभा भरवली आणि चार मिनिटांत 'सर्वानुमते मंजूर'! आता काय करू?

खडू_डस्टर
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर शहराच्या कडेला एका हायस्कूलला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. अर्धी पोरं महापालिका हद्दीतली, अर्धी आजूबाजूच्या गावातली. स्थानिक शासन सहावीत झालेलं असतं पण नववीत विचारलं तर 'सरपंच ठरवतो' एवढंच उत्तर येतं, म्हणून म्हटलं पुस्तक बाजूला ठेवून नाटकच करूया.

मागच्या शनिवारी केलं. ४६ पोरं. एक सरपंच, आठ सदस्य, एक ग्रामसेवक आणि उरलेले गावकरी. विषय दिला, गावाला १० लाख आलेत, काय करायचं ते ठरवा. सरपंच झालेला पोरगा जरा दांडगा आहे, तो उठला आणि म्हणाला 'तालीम दुरुस्त करूया, कुणाचा विरोध हाय का?' मागच्या बाकावरनं 'नाही!' असा जोरात आवाज आला आणि ग्रामसेवक झालेल्या पोरीने फळ्यावर लिहिलं, सर्वानुमते मंजूर. घड्याळात बघितलं तर चार मिनिटं झालेली. पुढची एकतीस मिनिटं मी काय केलं ते विचारू नका.

मुली एकही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात दोन तास सलग मिळतायत, ३५ मिनिटांचे. कुणी असं केलंय का? किंवा कुणी खरंच ग्रामपंचायतीत काम केलंय का? भूमिकांच्या चिठ्ठ्यांवर काय लिहू म्हणजे पोरं भांडतील तरी?

मुन्ना_कसबेकर
मॅडम लई भारी, चार मिनिटांत म्हणजे आमच्या गावापेक्षा फास्ट 😀 पण तुमची ती ग्रामसभा बेकायदेशीर आहे बघा. ग्रामसभेला १०० माणसं लागतातच, कमी असली तर एकही ठराव टिकत नाही. ४६ पोरांत होणारच नाही, दोन तुकड्या आणि वर आठवीची पोरं एकत्र बसवा.

गटारवाला_गल्ली_नं_३
इथं कोणी पालिकेतलं आहे का? आमच्या गल्लीतलं गटार तीन वर्षं तुंबलंय. अर्ज दिला, परत दिला, म्हणतात सभेत विषय आला नाही. विषय आणायचा कुणी असतो? ग्रामसेवकाला भेटू का?

खडू_डस्टर
@गटारवाला अहो तुम्ही शहरात राहता ना? ग्रामसेवक कुठनं आला मध्येच. पण तुमचा प्रश्न चांगला आहे, 'विषय आणायचा कुणी' हे मलाच नीट सांगता येणार नाही.

निवृत्त_भाऊसाहेब
नमस्कार ताई. मी ३१ वर्षं ग्रामसेवक, करवीर आणि पन्हाळा दोन्ही तालुक्यांत. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात भाऊसाहेबच म्हणतात आणि म्हणत राहणार.

पहिलं म्हणजे मुन्नाभाऊंचं अर्धं बरोबर आहे. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे १५०० मतदारांच्या गावात १५ टक्के २२५ होतात, मग १०० पुरे. पण ५०० मतदारांची वाडी असेल तर ७५ च. आणि कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली तर पुन्हा बोलावलेल्या सभेला कोरमची अट राहत नाही. खेडोपाडी बऱ्याच ग्रामसभा तशाच होतात. पहिली तहकूब, मग तहकूब सभेत तीस-चाळीस माणसं आणि ठराव मंजूर, तो कायदेशीरच.

आता तुमच्या वर्गाचं बघा. ४६ चे १५ टक्के म्हणजे सहा पूर्णांक काहीतरी, म्हणजे सात पोरं. हे मला लई आवडलं. सात पोरांना वर्गात ठेवा, बाकीच्यांना ग्राउंडवर पाठवा, सांगा की ते भांगलणीला गेलेत, ऊसतोडीला गेलेत, एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेलेत. सात जणांनी ठराव करायचा. मग बाकीची येऊ देत आणि ठराव वाचून दाखवायचा. भांडण तुम्हाला लावावं लागणार नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुम्ही ग्रामसभा आणि मासिक सभा एकत्र केल्यात, आणि ही चूक गावातली शिकलेली माणसंसुद्धा करतात. ग्रामसभेत सगळे मतदार बसतात, गावाला काय पाहिजे ते सांगतात, आराखडा मंजूर करतात. मासिक सभेत फक्त निवडून आलेले सदस्य बसतात, कामाला मान्यता देतात, पैसे सोडतात. मत तिथं सदस्यांचं. समसमान झाली तर सरपंचाचं निर्णायक मत. तुमच्या नाटकात सगळे एकाच खोलीत सगळ्यावर बोलले, म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव. खरं गाव पण असंच चालतं कधीकधी, पण कागदावर तसं नाही दाखवता येत.

जयसिंगपूरची_माहेरवाशीण
मी एक टर्म सदस्य होते, महिला राखीव जागेवरून. मुली बोलल्या नाहीत याचं मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते हे माहीत आहे का तुम्हाला? वेगळी, फक्त बायकांची. आमच्याकडं रजिस्टरवर सह्या घरी आणून घ्यायचे, सभा झालीच नाही. चहा झाला फक्त.

वर्गात मुलींना दहा मिनिटं आधी वेगळं बसवा आणि त्यांची यादी लिहून घ्या. ती यादी ग्रामसभेत मुलीनेच वाचायची. आणि एक चिठ्ठी अशी लिहा, 'तू सरपंच आहेस. तुझा नवरा शेजारच्या खुर्चीवर बसलाय, प्रत्येक प्रश्नाला तोच उत्तर देतो.' नवऱ्याची भूमिका एखाद्या बडबड्या पोराला द्या. मग बघा वर्गातल्या मुली काय करतात. पन्नास टक्के आरक्षण ओळीत वाचण्यापेक्षा हे पाच मिनिटं बघितलेलं बरं.

खडू_डस्टर
हे भारीच. पण भाऊसाहेब, मला अजून एक अडचण आहे. पैसे म्हटलं की पोरं सरळ 'जास्त मतं कशाला ते घ्या' म्हणतात. ५० टक्क्यांच्या वर हात झाले की संपलं. खरं असंच असतं का?

निवृत्त_भाऊसाहेब
नाही. इथंच गंमत आहे आणि पोरांना हेच दाखवायला पाहिजे. हाताच्या मताआधी पैसा कुठल्या डब्यातला आहे ते बघायचं असतं.

पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे २०२१ ते २०२६ चा, हिशेब धरा, सोपा पडतो. १० लाख आले तर ६ लाख बंधित. त्यातले निम्मे म्हणजे ३ लाख पिण्याचं पाणी, पाणी साठवणं, पुनर्भरण यावर. दुसरे ३ लाख स्वच्छता, गटार, शौचालय यावर. उरलेले ४ लाख अबंधित, ते गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगार आणि ऑफिसखर्च सोडून. म्हणजे सगळ्या गावानं दोन्ही हात वर केले तरी १० लाखाची तालीम होत नाही, ४ लाखाच्या वर जाताच येत नाही.

म्हणून तुमच्या चिठ्ठ्या अशा करा. गावकऱ्यांच्या मागण्या लिहा, प्रत्येकीला अंदाजे खर्च लावा. तालीम दुरुस्ती ४ लाख. काँक्रीट रस्ता साडेतीन लाख. रस्त्यावरचे दिवे १ लाख. गटार २ लाख ८० हजार. पाण्याची जुनी पाइपलाइन बदलणं २ लाख ६० हजार. शाळेची शौचालयं १ लाख २० हजार. एकूण १५ लाखाच्या वर जातंय, आणि डबे तीन. पोरांना आधी बेरीज करू देत. पाण्याच्या डब्यात ४० हजार उरतात, स्वच्छतेच्या डब्यात गटार आणि शौचालय मिळून ४ लाख होतात पण आहेत ३. आणि अबंधितात तालीम घेतली तर रस्ता गेला, रस्ता घेतला तर तालीम गेली आणि दिव्यांना ५० हजार कमी पडतात.

अजून एक कडी टाका. पाण्याची गावाची गरज पूर्ण झाली असेल तर उरलेले पैसे स्वच्छतेकडे वळवता येतात, पण ती गरज खरंच पूर्ण झाली असं ग्रामसभेनं लिहून द्यावं लागतं. आमच्या वेळी हे एका ओळीचं प्रमाणपत्र, पण त्या ओळीवर मी सरपंचांची आणि गावची तोंडं पाहिलेली आहेत.

मुन्ना_कसबेकर
ही अट मला माहीत नव्हती. मला वाटायचं निधी आला की सरपंच म्हणेल तिकडं. मग अंदाजपत्रक कोण करतंय, ग्रामसेवक?

निवृत्त_भाऊसाहेब
नाही हो, पंचायत समितीकडचे शाखा अभियंता येऊन मोजमाप घेतात, अंदाजपत्रक करतात, वरनं तांत्रिक मान्यता मिळते. ग्रामपंचायत त्यावर प्रशासकीय मान्यतेचा ठराव मासिक सभेत करते. ग्रामसभेत म्हटलं तसं काम लगेच चालू होत नाही. पोरांना एक अभियंता पण द्या, त्यानं फक्त एकच वाक्य बोलायचं, 'तुम्ही ३ लाख म्हटला पण मापात ३ लाख ७० बसतंय.' मग ते गाव काय करतं ते बघा.

स्थायी_समिती_पासपोर्ट
मी महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात ११ वर्षं काम केलंय, कुठलं ते नको. शहरातल्या पोरांसाठी सांगतो, कारण भाऊसाहेबांचं सगळं गावाचं झालं.

@गटारवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे. सभेत विषय दोन वाटेने येतो, आयुक्तांकडून डॉकेट म्हणजे लेखी प्रस्ताव म्हणून किंवा सदस्याच्या प्रस्तावातून. नागरिकाचा अर्ज थेट सभेत येत नाही, तो खात्यात जातो. खात्यानं प्रस्ताव करून आयुक्तांकडे पाठवला तर तो विषय होतो. त्यातही पैशाचे विषय आधी १६ जणांच्या स्थायी समितीकडं जातात. म्हणून तुमचं गटार अर्जावर नाही, डॉकेट नसण्यावर अडलंय. वॉर्डातल्या सदस्याला गाठा, लेखी.

आणि वर्गासाठी, उपसूचना आणा. मूळ प्रस्ताव 'अमुक रस्ता करणे' आणि कुणीतरी उपसूचना मांडतो की त्याबरोबर तमुक गल्लीचा पण करणे. चर्चेच्या गडबडीत उपसूचनेसह मंजूर होतो आणि मंजूर झाल्यावर कुणालाच माहीत नसतं की नेमकं काय मंजूर झालं. हे मी डोळ्यांनी बघितलंय, नाव नको. अशी वेळ येते की इतिवृत्त लिहिताना क्लार्कच ठरवतो काय झालं ते. म्हणून पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करतात, आणि त्या वेळी झोपलेले सदस्य दोन वर्षांनी ओरडतात.

आणि महापालिकेनं केलेला ठराव पण अंतिम नसतो. तो कायद्याच्या विरुद्ध आहे किंवा लोकहिताचा नाही असं वाटलं तर राज्य सरकार तो निलंबित करतं, नंतर विखंडित म्हणजे रद्द करतं. आयुक्तांनी त्यासाठी प्रस्ताव पाठवायचा. म्हणजे वर्गातली पोरं सभागृहात जोरात जिंकली तरी वरून चिठ्ठी येऊ शकते. ती चिठ्ठी आधीच पाकिटात घालून ठेवा, शेवटी उघडा.

खडू_डस्टर
पाकीट! हे घेतेच. बाय द वे आमच्या वर्गातली पोरं चौथीत असताना, नोव्हेंबर २०२० ला, कोल्हापूर महापालिकेची मुदत संपली आणि मग जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होता. म्हणजे शाळेतली निम्मी वर्षं त्यांनी सभागृह भांडताना पाहिलंच नाही. एकानं मला विचारलं, 'मॅडम, तेव्हा ठराव कोण करायचं?' म्हटलं प्रशासकच, एकटाच. 'मग ते भांडायचे कुणाशी?' 😄

पंचगंगेचा_पूर
या सगळ्यात हेरवाडचं उदाहरण कुणी कसं दिलं नाही? आपलं शिरोळ तालुक्यातलंच. मे २०२२ मध्ये त्या गावानं ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं वगैरे, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. गटार-तालीम कशाला, पोरांना हा ठराव करायला लावा. आणि हाही ठराव बंधनकारक नव्हता असं म्हणतात पण मला वाटतं ग्रामसभेनं केलं म्हणजे कायदाच.

निवृत्त_भाऊसाहेब
कायदा नव्हे. ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावाचं म्हणणं. एखादी बाई किंवा तिच्या घरचे ऐकले नाहीत तर त्याबद्दल पंचायतीनं दंड करावा असा अधिकार नाही. पण ठरावाला किंमत नाही असंही नाही. आधी गावात बोलणंच अवघड होतं, ठरावानंतर 'गावानं ठरवलंय' म्हणून दिरांनाही गप्प बसावं लागलं, एवढं तर होतं.

जयसिंगपूरची_माहेरवाशीण
मॅडम, तो विषय वर्गात घेताना जपून. ४६ पोरांत कुणाची तरी आई विधवा असणार, आणि कुणाला तरी 'आई-बाबा' भूमिका करायची चिठ्ठी जाणार. त्या मुलासमोर मतदान नको. हे वर्गात करूच नये असं मी म्हणत नाही, पण भूमिका वाटून खेळ म्हणून नको.

पंचगंगेचा_पूर
मग संवेदनशील विषय सोडून फक्त गटारच शिकवायचं का? मला पटत नाही. मोठी माणसं पोरांना घाबरतात.

जयसिंगपूरची_माहेरवाशीण
तुम्ही विधवेच्या मुलाशेजारी बसून बघा, मग बोलू.

मुन्ना_कसबेकर
भांडू नका राव. त्यापेक्षा दारूबंदीचं घ्या की, उभी बाटली आडवी बाटली. त्याचं मतदान तर वेगळंच असतं. आमच्या पाहुण्यांच्या गावात बायकांनी घेतलं होतं, आडवीला दुप्पट मतं पडली तरी दुकान चालूच. कायद्यात काहीतरी घोळ.

निवृत्त_भाऊसाहेब
घोळ नाही. तिथं झालेल्या मतांच्या निम्मे नाही, गावातल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात. फक्त महिलांचं मतदान असेल तर एकूण महिला मतदारांच्या. म्हणजे घरी बसलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली जाते. ६०० महिला मतदार असतील तर ३०१ पाहिजेत. समजा २५० आल्या, त्यातल्या २०० आडवीला पडल्या. दुकान चालू राहणार. आणि मागणी करायलाच आधी २५ टक्के सह्या लागतात. पोरांना हे गणित फळ्यावर करा, मग तालमीचं मतदान त्याच नियमानं घ्या आणि सांगा बघू निर्णय बदलतो का.

खडू_डस्टर
हे मला खरंच माहीत नव्हतं. एकाच वर्गात दोन नियमांनी तेच मतदान, मस्त. हेरवाडचं सध्या ठेवते बाजूला, मला स्वतःला अजून कळत नाहीये कोण बरोबर आहे. पुढच्या शनिवारी करून सांगते.

*(नऊ दिवसांनी)*

खडू_डस्टर
झालं! लांबलचक लिहिते आहे, कंटाळलात तर सोडा.

पहिला तास. मुलींची वेगळी बैठक दहा मिनिटं. मी कोपऱ्यात उभी राहिले, बोलले नाही. यादीत पहिलं शौचालय, दुसरं दिवे. मुलांना त्या वेळी वाटलं मुली गप्पा मारतायत. मग सगळ्यांनी सात जणांना निवडलं, बाकी सगळी बाहेर. सात जणांनी आठ मिनिटांत ठराव केला. अबंधितचे चार लाख तालमीला, पाइपलाइन २ लाख ६०, गटार २ लाख ८०. हे लिहिणारी पोरगी भाऊसाहेब झालेली, तिचं अक्षर सुंदर. मग बाहेरची पोरं आली, ठराव वाचला. मुलींची यादी त्यात कुठंच नव्हती! एक मुलगी उठली आणि म्हणाली, 'आम्ही दहा मिनिटं काय लिहिलं मग?' सरपंच झालेला तोच दांडगा, तो म्हणाला 'तुम्ही आलाच नाही सभेला.' ती म्हणाली, 'तू आम्हाला बाहेर काढलंस.' वर्ग उसळला.

मग मी खेळ थांबवला आणि ते गणित केलं. सातच्या ऐवजी सगळे ४६. स्वच्छतेच्या डब्यात शौचालय आणि गटार मिळून चार लाख, तीन उपलब्ध. एका पोरानं सुचवलं, पाण्यातले उरलेले ४० हजार इकडं घ्यायचे, गटार पूर्ण आणि ६० हजारांत एक शौचालय दुरुस्त. भाऊसाहेब, त्यानं तुमची अट ऐकली होती. बाकीचे टाळ्या वाजवायला लागले. आणि मग 'मळ्यातली वस्ती' अशी चिठ्ठी मिळालेली एक पोरगी उभी राहिली. ती एरवी तासाला हजेरीला फक्त 'हजर' म्हणते. म्हणाली, 'आमच्याकडं अजून नळच नाही. आमची गरज संपली असं तुम्ही कसं लिहिणार?' कुणाकडं उत्तर नव्हतं. सरपंच म्हणाला, 'फक्त सोळा घरं आहेत.' ती म्हणाली, 'मग ठरावात सोळा घरं सोडून असं लिहा.'

ते तसं लिहायचं कुणाला धाडस झालं नाही! शेवटी ४० हजार पाण्यातच ठेवले, वस्तीला हातपंप दुरुस्त करण्यासाठी, गटार घेतलं आणि शौचालय पुढच्या वर्षावर. मतदान झालं तेव्हा मुलींनी आपली विरोधी मतं नावासकट नोंदवायला लावली. मला वाटलं ते गुळमुळीत होईल पण प्रोसिडिंगमध्ये १९ विरोध आहेत.

दुसऱ्या तासाला मी एक गोष्ट केली जी तुमच्यापैकी कुणी सुचवली नव्हती, माझीच. ते प्रोसिडिंग शेजारच्या तुकडीला दिलं, नववी ब ला, आणि त्यांना शाळेच्या अंगणाचा नकाशा देऊन सांगितलं, तुम्ही ठेकेदार, हा ठराव वाचा आणि फक्त वाचून गटार काढा. ठरावात काय होतं? 'गावात गटार करणे, रुपये २ लाख ८० हजार. सूचक आणि अनुमोदक' अशी दोन नावं. ब तुकडीनं ते गटार सरपंचाच्या घरासमोर काढलं! का, तर सरपंचाचं घर नकाशात ठळक होतं. मग अ तुकडीची पोरं ओरडायला लागली की आम्ही शाळेजवळचं म्हणत होतो. 'लिहिलं कुठंय?' ब वाले म्हणाले.

मग ठराव पुन्हा लिहिला. कुठून कुठपर्यंत, लांबी किती, कुठल्या निधीतून, कुणी सूचना मांडली, कुणी अनुमोदन दिलं, किती विरोध. एकाच वाक्याला पंचवीस मिनिटं लागली आणि पोरांनी ती आनंदानं घालवली. पहिल्या दिवशीची चार मिनिटं त्यांना आठवून हसू आलं.

पाकीटही उघडलं, 'ठराव क्र. १ निलंबित'. दोघं तिघं रडकुंडीला आले, एकाने विचारलं 'आपण मग का भांडलो?' मी काही बोलले नाही. मला अजून त्याचं काय सांगायचं ते कळलेलं नाही.

निवृत्त_भाऊसाहेब
तुमचं ते 'लिहिलं कुठंय' वाचून मी खुर्चीतनं उठलो. माझी ३१ वर्षं त्यातच गेली. एक दुरुस्ती. ठरावात लांबीबरोबर गटाराचा उतार कुठल्या दिशेला तेही लिहा, नाहीतर ते तुंबतं. आमच्याकडं एकदा गटार उंच बाजूला वाहायला पाहिजे असं झालं होतं.

स्थायी_समिती_पासपोर्ट
त्या पोराला सांगा, ठराव निलंबित झाला तरी दुरुस्त करून पुन्हा मांडता येतो. आणि विरोधी १९ मतांची नोंद असली की दुसऱ्या वेळी ती हत्यार असतात.

पंचगंगेचा_पूर
हेरवाडवरही एकदा करूनच बघा. नाहीतर पालकांना बोलवून, पोरांना नाही.

खडू_डस्टर
पालकांना बोलवायचं? हा विचार मी केला नव्हता. बघते. आणि भाऊसाहेब, पोरांनी विचारलंय तुम्ही एका शनिवारी येणार का, त्यांना खरं प्रोसिडिंग रजिस्टर बघायचंय.

निवृत्त_भाऊसाहेब
येतो की. पण सकाळी आठच्या आधी नाही, मला म्हशीची धार काढून यावं लागतं. रजिस्टर शासनाचं असल्यामुळं आणता येणार नाही, पण माझ्याकडं एका कोऱ्या रजिस्टरमध्ये स्वतःसाठी लिहून ठेवलेले ठरावाचे नमुने आहेत, ते आणतो. त्यातला एक तर एका म्हशीवरूनच आहे.

गटारवाला_गल्ली_नं_३
माझ्या गटाराचं काय झालं ते सांगतो. सदस्याला लेखी दिलं, त्यांनी विचारलं लांबी किती. मी म्हटलं मला काय माहीत. आता टेप घेऊन आलोय, ४२ मीटर भरतंय. उतार कसा मोजायचा कुणी सांगेल का?